आपल्या बेदाण्याचे फोटो आणि चित्रं: लोगो झाकला तरी ओळखू आले पाहिजेत

शेडमधला माल निघायला लागला की शूट सुरू होईल, त्याआधी फोटोग्राफर, चित्रकार आणि इन्स्टा बघणाऱ्यांनी हे वाचून घ्या.

सगळ्यात आधी दगड. प्रत्येक प्रॉडक्ट फोटोत खाली काळा बेसाल्टच, गोदाघाटावर असतो तसा खडबडीत, पॉलिश केलेला ग्रॅनाइट अजिबात नको आणि लाकडी पाट तर नकोच, तो सगळ्यांकडेच असतो. उजेड कायम डावीकडून, खिडकीचा, सकाळी नऊच्या आत. समोरून फ्लॅश मारला की बेदाण्याच्या सुरकुत्या सपाट दिसतात, आणि सुरकुत्या हीच तर आपली ओळख आहे, त्या लपवायच्या नाहीत. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, 5200 केल्विनवर लॉक करा, नाहीतर तोच हिरवा बेदाणा एका फोटोत पिवळा आणि दुसऱ्यात निळसर येतो आणि गिऱ्हाईक विचारतं माल बदलला का म्हणून. लेन्स 50 एमएम, कॅमेरा टेबलाच्या उंचीवर, वरून सपाट काढलेले फोटो नकोत. वरचा एक तृतीयांश भाग रिकामा सोडा, तिथे मजकूरसुद्धा टाकायचा नाही (हो, ऑफरचाही नाही).

रंग तीनच: दगडाचा काळा #2F2E2C, बेदाण्याचा हिरवा #A9AE4E, तांब्याचा #B5653A. भांडं लागलं तर तांब्याची वाटी, आपल्या तांबटांकडची, थोडी वापरलेली, घासूनपुसून आरसा केलेली नको.

माणसं दाखवायची तर हात दाखवा, निफाडच्या बागेतले खरे, कात्री धरलेले, रॅकवर माल पसरणारे, चेहरे नाहीत. ताज्या घडाचा फोटो असेल तर मण्यांवरचा पांढरट थर पुसू नका आणि वर पाण्याचे थेंब शिंपडू नका, बाग करणारा माणूस बघून हसेल.

चित्रांचं सांगतो. रेघ ब्रशपेनाची, सगळीकडे एकाच जाडीची, आणि भरलेला रंग रेघेतून जरासा उजवीकडे सरकलेला, जुन्या छापील लेबलासारखा. सावली कायम उजवीकडे पडेल, कारण फोटोतही उजेड डावीकडूनच आहे, हे जुळलं की फोटो आणि चित्र शेजारी ठेवले तरी एकाच घरचे वाटतात. ग्रेडियंट नाही. वारली नको, कला भारीच आहे पण आता पापडापासून बँकेपर्यंत सगळेच वापरतात, त्यात आपण दिसणारच नाही. काढायचं काय तर क्रेट, कात्री, पाच टोकांचं पान, घाटाच्या पायऱ्या.

दिवाळीच्या बॉक्सला एवढीच सूट की खिडकीऐवजी पणतीचा उजेड चालेल, तोही डावीकडूनच, बाकी झेंडू, रांगोळी, तोरण काही नाही.

पोस्ट करायच्या आधी लोगो कापून तो फोटो दुसऱ्यांच्या आठ-दहा फोटोंत मिसळून दुकानातल्या पोरांना दाखवा. त्यांना पटकन सापडला नाही तर तो जाणार नाही, कितीही सुंदर असला तरी.