विमा पॉलिसीवरील नाव व जन्मतारीख दुरुस्त करण्याबाबत अर्ज

शनिवार पेठ, सातारा
दि. २ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
आयुर्विमा शाखा कार्यालय, सातारा

संदर्भ : पॉलिसी क्र. ९०४१७३८२६, प्रारंभ दि. १२ जून २००६, मुदत २० वर्षे

महोदय,

वरील पॉलिसीची मुदत येत्या १२ जून रोजी पूर्ण होत आहे. त्यासाठी कागदपत्रे जुळवताना पॉलिसीपत्रावर माझे नाव GYANESHWAR VITTHAL SABLE आणि जन्मतारीख ८ मे १९७९ अशी छापलेली असल्याचे लक्षात आले. माझ्या आधार कार्डावर, पॅन कार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर नाव DNYANESHWAR VITTHAL SABLE असे असून माझी खरी जन्मतारीख ५ ऑगस्ट १९७९ आहे. इतकी वर्षे हप्ते भरताना ही चूक माझ्याही नजरेतून सुटली, हे मान्य करतो.

माझ्याकडील प्रस्ताव अर्जाच्या झेरॉक्स प्रतीत नाव बरोबर असून तारीख ०५/०८/१९७९ अशी लिहिलेली आहे. ती नोंदवताना दिवस आणि महिना यांची अदलाबदल झालेली दिसते. नावाच्या बाबतीत, ‘ज्ञ’ मराठीत Dny असा लिहिण्याचा प्रघात आहे आणि हिंदी उच्चाराप्रमाणे तो Gy होतो. मात्र माझ्या कोणत्याही कागदावर हे दुसरे रूप नाही.

गेल्या महिन्यात आपल्या काउंटरवर मला नाव बदलल्याचे प्रतिज्ञापत्र व राजपत्रातील जाहिरात आणण्यास तोंडी सांगण्यात आले. मी नाव कधीही बदललेले नाही. त्यामुळे बदलाची जाहिरात देणे म्हणजे न घडलेली गोष्ट लिहून देणे ठरेल, आणि ते मला योग्य वाटत नाही. ही छपाईतील चूक समजून दुरुस्त करावी, अशी विनंती आहे.

पॉलिसी सुरू झाली तेव्हा खऱ्या तारखेनुसार माझी २६ वर्षे पूर्ण होती, तर छापील तारखेनुसार २७ होतात. आपल्या वयगणनेच्या पद्धतीनुसार यामुळे हप्त्यात फरक पडत असल्यास त्याचा हिशेब लेखी कळवावा. रक्कम माझ्याकडून येणे निघाल्यास ती भरण्यास मी तयार आहे आणि जास्त घेतली गेली असल्यास ती मुदतपूर्तीच्या रकमेसोबत द्यावी.

दुरुस्तीची नोंद मूळ पॉलिसीपत्रावर शिक्क्यासह करावी आणि संगणकीय नोंदीतही तसाच बदल करावा. केवळ एका ठिकाणी दुरुस्ती झाल्यास रक्कम खात्यात जमा होताना नाव पुन्हा जुळणार नाही. मुदतीपूर्वी माझे काही बरेवाईट झाल्यास हीच अडचण नामनिर्देशित असलेल्या माझ्या पत्नीसमोर उभी राहील.

सोबत शाळा सोडल्याचा दाखला, आधार व पॅन कार्ड, पासबुकाचे पहिले पान आणि प्रस्ताव अर्ज यांच्या स्वाक्षांकित प्रती जोडल्या आहेत. मूळ पॉलिसीपत्र आज जमा करत असून त्याची पोच या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह मिळावी.

आपला विश्वासू,
(सही)
ज्ञानेश्वर विठ्ठल साबळे