नवतपा, कलम १४४ आणि फुटणाऱ्या गाड्या: ग्रुपवरच्या स्क्रीनशॉटमधले दावे, एकेक सुटे

२४ मे २०२६
सोसायटीच्या तपासणी गटासाठी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

काल रात्री ग्रुपवर आलेल्या स्क्रीनशॉटवर सकाळपर्यंत दोन तट पडले. ‘सगळं खोटं आहे’ म्हणणारे काका आणि ‘हवामान खात्याचंच आहे ना’ म्हणणाऱ्या काकू, दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर निघेल असं दिसतं. या मेसेजला एकच उत्तर नाही, कारण तो एक मेसेजच नाही. पंधरा-सोळा वेगवेगळ्या गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत, आणि त्यातल्या खऱ्या दोन-तीन गोष्टींच्या भरवशावर बाकीच्या खपतात. म्हणून प्रत्येक दावा सुटा काढून क्रमांक दिला आहे. चर्चा करताना कृपया क्रमांक लिहा, ‘तो मेसेज’ म्हणू नका.

चित्रातला मजकूर कॉपी होत नाही, म्हणून हाताने उतरवून घेतला. शब्द जसेच्या तसे आहेत:

«अत्यंत महत्त्वाची सूचना. नागपूर हवामान विभागाने रेड अलर्ट जाहीर केला आहे. उद्यापासून नवतपा सुरू. या नऊ दिवसात सूर्य पृथ्वीच्या सर्वात जवळ येतो त्यामुळे तापमान ५५ ते ५८ डिग्री जाणार आहे. मागच्या वर्षी नागपुरात ५६ डिग्री झाले होते. कलेक्टर साहेबांनी दुपारी १२ ते ५ कलम १४४ लावले आहे बाहेर दिसल्यास दंड. गाडीची टाकी फुल करू नका स्फोट होतो असे इंडियन ऑइलने सांगितले आहे, मागच्या आठवड्यात ५ गाड्या फुटल्या. उन्हातून आल्यावर गार पाणी पिऊ नका रक्तवाहिन्या फुटतात. ऊन लागलेल्या माणसाला बर्फ लावू नका. खिशात कांदा ठेवा ऊन लागत नाही. जास्तीत जास्त लोकांना पाठवा कोणाचा तरी जीव वाचेल»

खाली जळालेल्या कारचा फोटो आहे, अर्धा कापलेला. वर डावीकडे दुहेरी बाणाचं टोक दिसतं. म्हणजे मूळ मेसेज ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’ होता. व्हॉट्सॲप असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं. स्क्रीनशॉट काढला की ती अडचण संपते आणि जुना मेसेज ताजा फोटो होऊन पुन्हा निघतो. कोपऱ्यात वेळ आहे ९:४२, तारीख कुठेच नाही.

क्रमांक मेसेजच्या क्रमानेच दिलेत. तपासताना मात्र १४ आधी घ्या. बाकी काही चुकलं तर वाद होईल, ते चुकलं तर माणूस जाईल.

दावा १. हवामान विभागाने नागपूरसाठी रेड अलर्ट दिला आहे.
तपासता येतो, आजच्या आज. mausam.imd.gov.in वर जिल्हावार इशारे असतात, आणि सोनेगावचं प्रादेशिक हवामान केंद्र आपल्या भागाचं पत्रक रोज काढतं. पत्रकावर ते कोणत्या दिवसासाठी आहे हे लिहिलेलं असतं, ते पाहा. मागच्या एखाद्या दिवशी रेड असणं वेगळं आणि उद्या रेड असणं वेगळं. मैदानी भागात कमाल तापमान ४५ किंवा त्यावर गेलं तर उष्णतेची लाट आणि ४७ किंवा त्यावर गेलं तर तीव्र लाट धरतात.

दावा २. नवतपा उद्यापासून.
सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तिथून धरतात, साधारण २५ मे ते २ जून. पंचांगात पाहून घ्या. बहुधा बरोबर निघेल, आणि नेमकं त्याच्या शेजारी दावा ३ बसवला आहे.

दावा ३. या नऊ दिवसांत सूर्य पृथ्वीच्या सर्वांत जवळ येतो.
चूक. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत लांब असते, सुमारे १५.२ कोटी. म्हणजे मे संपताना आपण लांबच चाललेलो असतो. जवळिकीनेच ऊन ठरलं असतं तर संक्रांतीला कूलर लावावे लागले असते!

दावा ४. ‘त्यामुळे’ तापमान वाढतं.
हा सगळ्यांच्या नजरेतून सुटला. दोन वाक्यांच्या मधला ‘त्यामुळे’ हासुद्धा स्वतंत्र दावा आहे आणि तो वेगळा तपासायचा. गरमी खरी, कारण खोटं. नागपूर २१ अंश अक्षांशाच्या थोडं वर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य इथे जवळपास थेट डोक्यावर येतो, दिवस मोठा असतो आणि पाऊस अजून यायचा असतो. आजोबांचं नवतप्याचं निरीक्षण यामुळे खोटं ठरत नाही, हे कोणीतरी त्यांना नीट सांगा. नाहीतर ते पुढचा मेसेज मुद्दाम पाठवतील.

दावा ५. तापमान ५५ ते ५८ जाणार.
हा अंदाज आहे, पण कोणाचा ते लिहिलेलं नाही. दावा १ मधलं खात्याचं नाव वाचून आलेला माणूस हा आकडाही खात्याचाच धरतो. खात्याच्या पत्रकात हा आकडा आहे का, एवढंच पाहायचं. तुलनेला आकडे: नागपूरचा नोंदलेला उच्चांक ४७.९ (मे २०१३), देशाचा ५१.० (फलोदी, राजस्थान, १९ मे २०१६), जगाचा ५६.७ (डेथ व्हॅली, अमेरिका, १० जुलै १९१३). म्हणजे मेसेजच्या मते उद्यापासून नऊ दिवस त्रिमूर्तीनगरात जगाचा विक्रम मोडणार आहे.

कारच्या पडद्यावर ५० दिसलं, टेरेसवर थर्मामीटर ठेवला तर ५४ आलं, असे फोटो पुरावा म्हणून टाकू नका. खात्याचं तापमान हवेचं असतं, उन्हापासून झाकलेल्या, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या पेटीत मोजलेलं. तापलेल्या स्लॅबचं नसतं.

दावा ६. मागच्या वर्षी नागपुरात ५६ झालं होतं.
यात तीन तुकडे आहेत, आणि पूर्ण मेसेजमध्ये सगळ्यांत शिकण्यासारखी जागा हीच.
६क: ५६ हा आकडा आला होता. खरं. शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं, दुसऱ्या एकाने ५४, आणि बातम्याही झाल्या.
६ख: तेवढं तापमान होतं. खोटं. त्याच दिवशी शहरातली उरलेली दोन स्वयंचलित केंद्रं ४४ च्या आसपास होती, आणि सेन्सर बिघडल्याचं खात्याने सांगितलं.
६ग: मागच्या वर्षी. ही गोष्ट ३० मे २०२४ ची. म्हणजे हे वाक्य २०२५ मध्ये लिहिलं गेलं असावं आणि मेसेज निदान एक उन्हाळा जुना आहे.
त्या दिवसाच्या बातमीचं कात्रण कोणाकडे असेल. ते खरंच असेल, पण त्याने फक्त ६क सिद्ध होतं.

दावा ७. कलेक्टरांनी दुपारी १२ ते ५ कलम १४४ लावलं.
तपासायचं: nagpur.gov.in आणि नागपूर शहर पोलिसांचं अधिकृत खातं. आदेश असेल तर त्याला क्रमांक आणि तारीख असणारच. दोन गोष्टी आत्ताच खटकतात. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यामुळे आजचा आदेश निघाला तर तो कलम १६३ खाली निघेल. शिवाय शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असे आदेश साधारणपणे पोलीस आयुक्त काढतात.
पण ‘उन्हासाठी कुठे जमावबंदी असते का बाप्पा’ म्हणून उडवूनही लावू नका. मे २०२४ मध्ये अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेमुळे कलम १४४ खरंच लावलं होतं. मला तर वाटतं, तीच बातमी गावाचं नाव बदलून इथे आली आहे. हा माझा अंदाज, नोंद म्हणून धरू नका.

दावा ८. बाहेर दिसल्यास दंड. ७ चा आदेश सापडला तर त्यातच पाहा. नाही सापडला तर वेगळं शोधण्यात वेळ घालवू नका.

दावा ९. टाकी फुल केली की उन्हात स्फोट होतो.
पेट्रोल आपोआप पेटायला दोनशे अंशांच्या बरंच वर तापमान लागतं, आणि टाकीची क्षमता ठरवताना कंपनी इंधनाच्या प्रसरणाला जागा ठेवते.

दावा १०. हे इंडियन ऑइलने सांगितलं.
९ पासून वेगळा ठेवला, कारण ९ खरं असतं तरी १० खोटं असू शकलं असतं. इंडियन ऑइलने आपल्या नावाने फिरणारा हा इशारा जाहीरपणे नाकारला आहे: कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणं उन्हाळ्यात काय, हिवाळ्यात काय, सुरक्षित आहे. खुलासा त्यांच्या अधिकृत खात्यावरून शोधून लिंक जोडा.

दावा ११. मागच्या आठवड्यात ५ गाड्या फुटल्या. कुठे, ते नाही. कोणता आठवडा, ते नाही. असा दावा खोटा ठरवता येत नाही, म्हणूनच तो टिकतो. शेरा ‘तपासण्याजोगा नाही’ असा लिहा, ‘खोटा’ लिहू नका.

दावा १२. फोटोतली कार त्यातलीच.
मजकुरात असं कुठेही म्हटलेलं नाही, फोटो नुसता खाली चिकटवला आहे. नंबरप्लेट नेमकी कापली गेली आहे, त्यामुळे एमएच ३१, ४९, ४० यापैकी काही आहे का, की कार दुसऱ्याच राज्यातली, कळत नाही. फोटो तेवढा कापून गूगल लेन्सवर टाका आणि सर्वांत जुनी प्रत शोधा.

दावा १३. उन्हातून आल्यावर गार पाण्याने रक्तवाहिन्या फुटतात.
आल्या-आल्या घटाघट पिऊन पोटात कळ येणं किंवा डोकं ठणकणं वेगळं. रक्तवाहिन्या त्याने फुटत नाहीत. माठाचं प्या, घोटघोट प्या, पण पिणं टाळू नका. सोसायटीतल्या डॉक्टर ताईंकडून दोन ओळी लेखी घ्या.

दावा १४. ऊन लागलेल्याला बर्फ लावू नका.
उलटा आणि धोकादायक. उष्माघातात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं, माणूस बरळतो किंवा शुद्ध हरपते. तेव्हा शरीर लवकरात लवकर थंड करणं हाच इलाज: सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून पंखा लावा, मान, काखा आणि जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडाने काहीही पाजू नका. एवढा परिच्छेद सुटा करून आजच ग्रुपवर टाका, बाकीची तपासणी पूर्ण व्हायची वाट पाहू नका. वॉचमन भाऊंना तोंडी सांगा, दुपारी गेटवर तेच असतात.

दावा १५. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही. आधार नाही. जेवणात कांदा खाण्याशी कोणाचं भांडण नाही. फक्त कांदा आहे म्हणून दुपारी दोनला सीताबर्डीला जाऊ नका.

दावा १६, न लिहिलेला. हे सगळं आजचं आहे. ‘उद्यापासून’, ‘मागच्या आठवड्यात’ यातला कोणताच दिवस ठरत नाही. ६ग पाहता हा दावा बहुधा पडेल, आणि तो पडला की १, ७ आणि ११ चा स्क्रीनशॉटपुरता आधार गेला.

‘जास्तीत जास्त लोकांना पाठवा’ ही विनंती आहे, दावा नाही. यादीत घेतलेली नाही.

वाटणी: १, २, ५ बी विंगच्या काकूंकडे, मेसेज त्यांनीच टाकला होता आणि त्या स्वतः तयार झाल्या आहेत. ७ आणि ८ वकील दादांकडे. ९ ते १२ कॉलेजच्या मुलांकडे. १३ ते १५ डॉक्टर ताईंकडे. ३, ४ आणि ६ झालेत, कोणी फेरतपासणी करत असेल तर चांगलंच. प्रत्येकाने क्रमांकासमोर काय दिसलं, कुठे दिसलं आणि किती वाजता पाहिलं एवढं लिहून आज संध्याकाळी सातपर्यंत मला पाठवा. स्क्रीनशॉट नको, लिंक पाठवा.