मानसिक स्थिती परीक्षण : पुरुष, वय 44, दाखल झाल्याचा दुसरा दिवस

सोलापूर. परीक्षण सकाळी 10 वाजता, 40 मिनिटं. पत्नी बाहेर थांबली होती.

बाह्यरूप, वर्तन : टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग चालवतात. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. नजर फरशीवर. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर सतत फिरतात, तुटलेल्या धाग्याला गाठ मारावी तशी. हालचाली संथ, ताठरपणा किंवा एकाच स्थितीत राहणं नाही.

बोलणं : हळू, एकसुरी. उत्तर यायला 8-10 सेकंद. मातृभाषा तेलुगू. काल केसपेपरवर 'पॉव्हर्टी ऑफ स्पीच' लिहिलं गेलं. ही अडचण मराठीची की आजाराची, हे न पाहता ते लिहायला नको होतं. आज तेलुगू जाणणाऱ्या सिस्टरांकडून तेच पाच प्रश्न पुन्हा विचारले. विलंब तेवढाच, उत्तरं तेवढीच तोकडी. म्हणजे ही मंदता आजाराचीच.

मूड : "आतून सगळं विझलंय, साहेब." पहाटे जास्त वाईट वाटतं, संध्याकाळी थोडं हलकं. अफेक्ट उदास, आक्रसलेला, मूडशी सुसंगत. मुलीचा विषय निघताच डोळे भरले, म्हणून 'सपाट' म्हणता येणार नाही.

विचार : प्रवाह मंद, मांडणी सुसंगत. आशयात अपराधाचा भ्रम : "माझ्यामुळं शेठचा कारखाना बुडाला, पोलीस न्यायला येणार." कारखाना चालू आहे, शेठ काल स्वतः येऊन सांगून गेले. त्यावर उत्तर : "माझं मन राखायला बोलले." शंकेला जराही जागा नाही, पत्नीला आणि सोबतच्या कामगारांनाही हे पटत नाही, म्हणून ही अतिमूल्यित कल्पना नव्हे, भ्रमच. नालायकपणाची, निराशेची भावना ठळक. विचार बाहेरून घुसवले जाणं, काढून घेतले जाणं नाकारतात.

आत्महत्येबद्दल थेट विचारलं. गेल्या आठवड्यात दोनदा विचार आला, बेत ठरवलेला नाही, पूर्वी प्रयत्न नाही. "पोरीसाठी थांबलो." तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. भ्रम आहे तोवर धोका जास्त धरावा, क्षणभरही एकटं सोडू नये.

संवेदन : श्रवणभास. एका पुरुषाचा आवाज, जागेपणी, कानांनी बाहेरून ऐकू येतो : "तू सगळ्यांना खाल्लंस." आज्ञा देत नाही.

बोधन : पूर्ण जागृत. वेळ, जागा, व्यक्तींचं भान शाबूत. 100 मधून 7 वजा करताना 93, 86, 78, मग थांबले. तीनपैकी दोन शब्द पाच मिनिटांनी आठवले. गड्डा यात्रा जानेवारीत, हे बरोबर सांगितलं.

निर्णयशक्ती : सापडलेलं पाकीट मालकाला परत देईन म्हणतात. प्रत्यक्षात मात्र 'मी लायक नाही' म्हणून जेवण नाकारतात. व्यवहारातली निर्णयशक्ती बाधित.

इनसाइट : श्रेणी 2. झोपेची गोळी मागतात आणि त्याच दमात "मला रोग नाही, ही शिक्षा आहे" म्हणतात.

प्राथमिक मत : तीव्र अवसाद, मूडशी सुसंगत सायकोटिक लक्षणांसह. पुढचं परीक्षण परवा, त्याच सिस्टरांना सोबत घेऊन.