राज्याभिषेकाच्या सकाळची पाच साधनं : सटीप संदर्भसूची

(एम. ए. इतिहास, दुसरं वर्ष, लघुप्रबंधासाठी. विषय : शिवराज्याभिषेकाच्या दिवसाचा कालक्रम)

माझा प्रश्न लहान आहे. शिवाजी महाराज सिंहासनावर नेमके केव्हा बसले, आणि त्या वेळी तिथे काय दिसत होतं? सोहळ्याचा अर्थ, त्यामागचं राजकारण, क्षत्रियत्वाचा वाद यांवर पुष्कळ लिहून झालं आहे, त्यात मी शिरलेले नाही. एवढ्या प्रश्नापुरती प्रत्येक साधनाची लायकी तपासली आणि शेवटी एका ओळीत माझं मत दिलं. क्रम उपयोगाचा आहे, काळाचा नाही. मार्गदर्शक सरांनी सुचवल्याप्रमाणे आधुनिक चरित्रं या सूचीत घेतली नाहीत, कारण ती सगळी शेवटी याच साधनांकडे येतात.

१. हेन्री ऑक्झिंडेनची रोजनिशी (१६७४). इंग्रज कंपनीच्या कागदपत्रांतून. ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’, शिवचरित्र कार्यालय, पुणे, १९३१.

मुंबईकर इंग्रजांचा वकील म्हणून ऑक्झिंडेन रायगडावर आला तो तहाच्या बोलणीसाठी. सोहळ्याचं वर्णन करणं हे त्याचं काम नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्या नोंदींवर माझा भरवसा बसतो. वरिष्ठांना कळवायचं म्हणून दिसलं ते त्याने टिपलं. ६ जूनच्या नोंदीत तो लिहितो की सकाळी सात-आठच्या सुमारास दरबारात गेलो, तेव्हा राजे भव्य सिंहासनावर बसलेले होते. या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. महाराज सिंहासनावर चढताना त्याने पाहिलं, असं तो कुठेच म्हणत नाही. तो पोचला तेव्हा ते आधीच बसलेले होते. सिंहासनारोहणाच्या क्षणी इंग्रज वकील मुजरा करतो आहे, अशी चित्रं आपण लहानपणापासून पाहतो. त्याच्या स्वतःच्या नोंदीवरून मात्र तो नंतर आलेला दिसतो.

पुढचा तपशील वाचताना आपणच दरबाराच्या कडेला उभे आहोत असं वाटतं. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर राजचिन्हं होती : उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची दोन सोन्याची तोंडं, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या, आणि एका फार उंच भाल्यावर न्यायाचं चिन्ह म्हणून सोन्याचा तराजू. दुभाषा नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरली, महाराजांचं लक्ष गेलं, आणि त्यांनी मंडळींना सिंहासनाच्या पायाशी बोलावलं. परतताना दाराशी दोन्ही बाजूंना लहान हत्ती आणि सोन्याच्या साजाचे दोन देखणे घोडे दिसले. एवढ्या अवघड वाटेने ही जनावरं वर आणली कशी, याचं त्याला नवल वाटलं. रायगडाच्या पायऱ्या चढून गेलेल्या कुणालाही हे वाक्य पटेल. मी पावसाळ्याच्या तोंडावर चढले होते, तेव्हा माझ्याही मनात हेच आलं होतं.

तारखेबाबत एक इशारा. त्या काळचे इंग्रज जुनी, म्हणजे ज्युलियन कालगणना वापरत. ती आजच्या ग्रेगरियन गणनेपेक्षा तेव्हा दहा दिवस मागे होती. म्हणून ऑक्झिंडेनचा ६ जून म्हणजे आजच्या हिशेबाने १६ जून १६७४. मला हे सुरुवातीला माहीत नव्हतं. संगणकावरच्या पंचांगात तिथी घालून पाहिली, तर १६ जून आला, आणि मी दोन दिवस स्वतःची चूक शोधत बसले. चूक नव्हतीच. वार दोन्हीकडून शनिवारच येतो.

*मत : एकमेव परकीय प्रत्यक्षदर्शी, दरबाराच्या दृश्यासाठी पहिल्या क्रमांकाचं साधन, विधींबद्दल मात्र त्याला विचारू नये.*

२. जेधे शकावली. कारीच्या जेधे देशमुखांकडची. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली, १९१६. पुढे ‘शिवचरित्रप्रदीप’, संपादक द. वि. आपटे आणि स. म. दिवेकर, भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे, १९२५.

शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटनांची ही त्रोटक नोंदवही आहे. अलंकार नाहीत, स्तुती नाही. राज्याभिषेकाला तिने जेमतेम दोन ओळी दिल्या आहेत, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच दोन ओळींत आहे. शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, आणि ‘तीन घटिका रात्र उरली तेव्हा’ राजे सिंहासनी बसले.

पहिल्या वाचनात इथे घोटाळा वाटतो. आपण ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मानतो, शकावली द्वादशी म्हणते. आपण शनिवार धरतो, ती शुक्रवार सांगते. उलगडा सोपा आहे. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो. शुक्रवारची रात्र संपायला तीन घटका, म्हणजे बहात्तर मिनिटं बाकी होती, तेव्हा आपल्या मध्यरात्रीच्या हिशेबाने शनिवार कधीच लागला होता. तिथीचंही तसंच. नोंदीत तिथीपुढे घटी २१ आणि पळे ३४ दिलेली आहेत. म्हणजे द्वादशी शुक्रवारी दुपारीच सरली आणि त्रयोदशी लागली. दिवसाला नाव मात्र सूर्योदयाच्या तिथीचं मिळतं, म्हणून द्वादशी.

आता हे ऑक्झिंडेनच्या शेजारी ठेवून पाहावं. शकावलीप्रमाणे सिंहासनारोहण सूर्योदयाआधी सव्वा तास, आजच्या घड्याळाने पहाटे पाचच्या आत. ऑक्झिंडेन दरबारात आला सात-आठला, आणि राजे बसलेले. एक मावळातली देशमुखी नोंद, दुसरी इंग्रज वकिलाची रोजनिशी. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचं कारण नाही, आणि दोघांचं म्हणणं जुळतं. माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण या जुळणीवर उभं आहे.

*मत : वेळेसाठी याहून नेमकं साधन माझ्या हाती आलेलं नाही, पण पंचांगाची गणना समजून घेतल्याशिवाय यातला आकडा उचलू नये.*

३. सभासद बखर. कृष्णाजी अनंत सभासद. अनेक आवृत्त्या, काशिनाथ नारायण साने यांनी संपादून छापली. इंग्रजी भाषांतर सुरेंद्रनाथ सेन, कलकत्ता विद्यापीठ, १९२०.

राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिलेली. सभासद शिवकाळातला माणूस, पण लेखन सोहळ्यानंतर वीसेक वर्षांनी, आणि स्वराज्य संकटात असताना झालेलं. वाचताना हे दोन्ही डोळ्यांपुढे ठेवावं लागतं. तिथी तो शुद्ध १३ देतो. वर सांगितल्याप्रमाणे यात आणि जेधे शकावलीत खरा विरोध नाही.

त्याचं मोल आतल्या माणसाच्या नजरेत आहे. सिंहासनाला आठ खांब आणि त्या जागी अष्टप्रधान उभे, ही रचना तो सांगतो. ऑक्झिंडेनला प्रधान दिसले, पण कोण कुठल्या मानाने उभा आहे हे कळण्याची सोय नव्हती. गागाभट्टांचा युक्तिवादही इथेच सापडतो : मुसलमान बादशहा तख्तावर बसून छत्र धरतात, आणि शिवाजीराजांनी चार पातशाह्या दबावल्या तरी त्यांना तख्त नाही. मराठा पातशहा छत्रपती झाला, ‘ही गोष्ट कांही सामान्य जाली नाही’, हे त्याचं वाक्य मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर घेणार आहे. त्यात पुरावा म्हणून काही नाही, पण त्या पिढीला काय वाटलं ते आहे.

आकड्यांना मात्र हात लावताना सांभाळावं. सिंहासन बत्तीस मण सोन्याचं, खर्च एक कोटी बेचाळीस लाख होन. मण प्रांतागणिक बदलत असे, आणि खर्चाचा आकडा पडताळायला हिशेबाचा कागद माझ्यापुढे नाही. ऑक्झिंडेन तुळेच्या सोन्याचा अंदाज सुमारे १६,००० होन देतो, पण तो एका विधीचा आहे. त्यावरून एकूण खर्च मोजता येत नाही.

*मत : दरबाराची मांडणी आणि त्या पिढीची भावना यांसाठी अपरिहार्य, सोनं आणि होन यांच्या आकड्यांसाठी एकट्यावर विसंबू नये.*

४. शिवराजराज्याभिषेककल्पतरू. संस्कृत, पद्य. हस्तलिखित कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहातलं.

माझं संस्कृत शाळेपुरतं. महाविद्यालयातल्या संस्कृतच्या बाईंनी चार रविवार माझ्यासाठी दिले, तेव्हा हे वाचून झालं. हा ग्रंथ तांत्रिक निश्चलपुरी गोसावी यांच्या बाजूचा आहे. गागाभट्टांनी केलेल्या पहिल्या अभिषेकात देवतांची उपेक्षा झाली, म्हणून अनिष्ट घडलं, असा त्याचा रोख. सोहळ्यानंतर अकराव्या दिवशी, ज्येष्ठ वद्य नवमीला, जिजाबाई गेल्या. हा ग्रंथ तोही त्या दोषाचा परिणाम मानतो. पुढे आश्विन शुद्ध पंचमीला, २४ सप्टेंबर १६७४ रोजी, दुसरा, तांत्रिक पद्धतीचा अभिषेक झाला, त्याचं वर्णन यात आहे.

पहिल्या अभिषेकाच्या सकाळच्या वेळेसाठी मला यातून फारसं मिळालं नाही. विरोधकाची साक्ष म्हणून मात्र तो महत्त्वाचा वाटतो. दोष दाखवण्यासाठी लिहिणारासुद्धा पहिला अभिषेक झालाच नाही असं म्हणत नाही.

*मत : दुसऱ्या अभिषेकासाठी मुख्य आधार, पहिल्यासाठी फक्त पूरक, आणि पक्ष ओळखूनच वाचावा.*

५. चिटणीस बखर. मल्हार रामराव चिटणीस, एकोणिसाव्या शतकाचा आरंभ.

विधींचं वर्णन भरघोस आणि वाचायला सुरेख. पण मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षं गेली आहेत. लेखक बाळाजी आवजींच्या वंशातला, तेव्हा त्यांचा उल्लेख येतो तिथे घराण्याचा अभिमान धरूनच वाचावं. यातली जी गोष्ट वरच्या चारांत नाही, ती मी प्रबंधात घेतलेली नाही.

*मत : उत्तरकाळाने सोहळा कसा आठवला हे पाहायला ठीक, त्या सकाळच्या पुराव्यासाठी नाही.*