दुसऱ्या शनिवारी भेटण्याआधी वाच

अनिकेत,

हे लोकलमध्ये उभ्याने वाचू नकोस. रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाच. काकूंना दाखवायचं की नाही ते तू ठरव, पण आधी एकट्याने वाच.

साखरपुडा झाला, कार्यालयाचा अ‍ॅडव्हान्स गेला, आणि आपण शालूच्या रंगावर पाऊण तास बोलू शकतो हेही सिद्ध झालं. पैशाचा विषय निघाला की मात्र तू म्हणतोस "होईल गं सगळं" आणि मी म्हणते "हो, बघू". मला भीती अशी की मुलगी आत्तापासूनच हिशोब मागते असं वाटेल. तुला कसली आहे ते मला माहीत नाही. म्हणून आधी माझा हिशोब देते.

माझ्या हातात महिन्याला ५८,००० येतात. मोशीच्या खोलीचं भाडं माझ्या वाट्याचं ८,५००. ८,००० एसआयपीत जातात. १५,००० दर महिन्याच्या पाच तारखेला कऱ्हाडला बाबांच्या खात्यात जातात. उरलेल्यात मेस, कपडे, येणं-जाणं आणि थोडी उधळपट्टी, जी तू पाहिली आहेस. बँकेत ३ लाख ४० हजारांची एफडी आहे, म्युच्युअल फंडात साधारण दोन लाख, पीएफ वेगळा. आजीच्या पाटल्या माझ्या नावाने लॉकरला आहेत. त्या मोडायच्या किंवा गहाण ठेवायच्या झाल्या तर तो निर्णय माझा असेल, हे आत्ताच लिहून ठेवते.

डोक्यावर थेट कर्ज नाही. पण ओंकारच्या फार्मसीच्या शैक्षणिक कर्जात बाबांबरोबर मीही सहकर्जदार आहे. ३ लाख ८० हजार. त्याचं हे शेवटचं वर्ष, त्यानंतर हप्ते सुरू व्हायला एक वर्षाची सवलत आहे. तो नोकरीला लागला तर तो फेडेल. वेळेवर लागला नाही तर हप्ता मी भरणार, कारण थकला तर माझाही सिबिल खराब होतो आणि उद्या आपण दोघांनी घरासाठी अर्ज केला तर बँक पहिल्यांदा तेच बघेल. ही गोष्ट लग्नानंतर एखाद्या कागदावरून तुला कळावी असं मला नको होतं.

आता त्या १५,००० बद्दल. या सगळ्या पत्रात हीच एक गोष्ट अशी आहे की ज्यावर मी मागे-पुढे होणार नाही. बाकी सगळं बोलून बदलता येईल.

बाबा साखर कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा हातात आलेले पैसे घराच्या स्लॅबला आणि माझ्या इंजिनिअरिंगला गेले. त्यांची ईपीएस-९५ ची पेन्शन महिन्याला अडीच हजारही नाही. आईच्या शुगरच्या गोळ्या आणि लाइटबिल यातच ती संपते. शेत अर्धा एकर, तेही वाट्याने दिलेलं. ओंकार कमावता झाला की मी रक्कम कमी करेन, पण केव्हा आणि किती ते मी आणि ओंकार बसून ठरवू. साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी बाबा मला म्हणाले, "आता लग्नानंतर पाठवू नकोस हं, बरं दिसत नाही." मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये अशा पिढीचा माणूस आहे तो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की पैसे येत राहतील. तुझ्याकडून मला एवढंच हवंय की हे तुला मान्य असेल तर मनापासून असावं. महिन्याच्या पाच तारखेला घरात कुणाचा चेहरा पडला, तर मी ते लपवून पाठवायला लागेन, आणि मला नवऱ्यापासून लपवून काही करायचं नाहीये.

तूही आजीच्या औषधांचं आणि घरच्या किराण्याचं बघतोसच. त्यावर मी कधी प्रश्न विचारणार नाही. दोन्हीकडचं एकाच हिशोबात मांडू.

आता तुझी बाजू. बदलापूरच्या फ्लॅटबद्दल तू मला "बुक केलाय" एवढंच सांगितलं होतंस. त्याचा हप्ता ३१,००० आहे हे मला तुझ्या मावशीने पुरणपोळी वाढता वाढता सांगितलं. मी रागावलेली नाही, पण हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं. महारेराच्या साइटवर मी त्या प्रकल्पाचं पान पाहिलं, ते कुणालाही पाहता येतं. ताबा द्यायची तारीख एकदा पुढे ढकलून झाली आहे. म्हणजे आणखी काही काळ तू ज्या घरात राहता येत नाही त्याचा हप्ता भरणार. मला विचारायचंय ते असं: अ‍ॅग्रीमेंटवर नाव तुझं एकट्याचं आहे की काकांचंही? कर्ज किती उरलंय? दागिन्यांवर किंवा कुणाकडून उसने घेऊन काही भरलंय का? क्रेडिट कार्डावर काही थकलंय का? शेवटचा प्रश्न बँकेत काम करणाऱ्या माणसाला विचारणं विचित्र आहे, तरी विचारते.

माझा पगार त्या हप्त्यात जाणार असेल तर घराच्या कागदावरही माझं नाव हवं. जाणार नसेल तर नको, तो फ्लॅट तुझा, आणि मला त्याचं काही वाटणार नाही. मधलं काहीतरी, म्हणजे पैसे माझेही आणि नाव तुझंच, हे मी करणार नाही. नुसतं कर्जात सहकर्जदार म्हणून सही करून करसवलतही मिळत नाही, मालकीतही नाव लागतं, हे तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतोस.

नोकरीचं सांगते. सगळ्यांनी गृहीत धरलंय की मी लग्नानंतर "तिकडेच काहीतरी बघेन". काकू तर परवा फोनवर म्हणाल्या, डोंबिवलीत क्लासेस घेता येतात. त्यांचा हेतू चांगला होता. पण मी सहा वर्षं चाकणमध्ये क्वालिटीत काढली आहेत, मशीन शॉपच्या आवाजात उभं राहून. गिअरचे पार्ट रिजेक्ट करताना वयाने दुप्पट सुपरवायझरशी भांडले आहे. तशा कंपन्या डोंबिवलीच्या जवळपास मोजक्याच, आणि रोज चाकण-डोंबिवली करणं शक्य नाही.

मग एक वाट शोधली. आमच्या सप्लायर क्वालिटीच्या टीममध्ये अंबरनाथ, तळोजा आणि रबाळे एमआयडीसीतले व्हेंडर बघणारे सर पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. ती जागा मला हवी आहे हे मी बॉसना सांगून ठेवलंय. मिळाली तर आठवड्याचे चार दिवस मी तिकडेच फिरणार आणि एखाद-दोन दिवस चाकणला जाणार. मिळायला एक वर्ष लागेल असं धरून चल. तोवर मी मोशीतच राहीन.

यात एक मेख आहे, ती आत्ताच सांगते. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तुझे रविवार आणि दुसरा-चौथा शनिवार. लग्न झालेल्या जोडप्याला एकही सामाईक सुट्टी नसणं किती हास्यास्पद आहे याची मला पूर्ण कल्पना आहे. बुधवारी शिफ्ट संपवून निघाले तर रात्री पोचेन, गुरुवारी तू ऑफिसात, शुक्रवारी पहाटे मी परत. म्हणून त्या वर्षभरात महिन्यातून दोन वेळा मी रजा जोडून येईन आणि दोन वेळा तू पुण्याला यायचंस. फक्त मीच यायचं असं नको. सहा महिन्यांनी दमलो तर पुन्हा बसून बोलू. जागा मिळालीच नाही तर ठाणे-नवी मुंबईत दुसरीकडे अर्ज करेन, पगार थोडा कमी झाला तरी चालेल, पण काम माझ्या क्षेत्रातलंच हवं. आणि तुला कधी पुण्यात बदली मिळू शकते का, हे तू एकदा तरी विचारलंयस का? विचारून "नाही" आलं तर मी मान्य करेन.

राहायचं कुठे, हा मला सर्वात अवघड वाटणारा भाग. तुमच्या घरी मला परकं वाटत नाही. आजी मला पहिल्या भेटीपासून अगं-तुगं करतात आणि ते मला आवडतं. पण घर वन बीएचके आहे. तुम्ही चौघं आहात, तू हॉलमध्ये झोपतोस. लग्नानंतर काका-काकू आणि आजींनी हॉलमध्ये यायचं आणि आपण बेडरूममध्ये, असं ठरल्याचं काकू म्हणाल्या. काकांच्या गुडघ्यांची अवस्था मी पाहिली आहे. त्यांनी माझ्यासाठी स्वतःचा पलंग सोडावा आणि मी दार लावून झोपावं, हे मला जमणार नाही. रात्री पाणी प्यायला उठताना सुद्धा मला अपराधी वाटेल.

माझं म्हणणं असं की मानपाडा रोडच्या आसपास, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आपण एक छोटं घर भाड्याने घ्यावं. भाडं आणि डिपॉझिट बघता सुरुवातीला वन आरकेही चालेल. मी मोशीला असेन तेव्हा तू जेवायला आईकडे, मी असेन तेव्हा आपण दोघंही. आजींना दवाखान्यात न्यायचं असेल तर तू दहा मिनिटांत पोचशील. बदलापूरचा ताबा मिळाला की पुन्हा विचार करू, तोपर्यंत कदाचित काका-काकूंनाच ते मोठं घर आवडेल. लोक म्हणतील आल्या आल्या वेगळी निघाली. ते ऐकायची माझी तयारी आहे, पण एक अट आहे: हे घरी सांगताना "मृदुलाला हवंय" असं म्हणायचं नाही. पटलं तर "आम्ही ठरवलंय" म्हणून सांग. पटलं नाही तर मला सांग, मी दुसरा काही मार्ग ऐकायला तयार आहे.

लग्नाच्या खर्चाचं थोडक्यात. अर्धा-अर्धा ठरलाय, ते ठीक. पण बाबा मानपानाच्या साड्या आणि पोशाखांसाठी सोसायटीतून कर्ज काढायच्या गोष्टी करतायत. तुमच्याकडून कुणी मागितलेलं नाही, ते आपणहून करतायत. काकांनी त्यांना एक फोन करून "मानपान नको, आम्हीही करणार नाही" असं सांगितलं तर ते ऐकतील. माझं ऐकत नाहीत.

मुलांचा विषय मी मुद्दाम इथे लिहीत नाहीये. तो समोरासमोर.

लगेच उत्तर द्यायची घाई नको. "वाचलं" एवढं कळव, म्हणजे मला झोप लागेल. दुसऱ्या शनिवारी मी रजा टाकली आहे. पहाटेच्या सिंहगडने चिंचवडहून निघेन आणि कल्याणला उतरेन. कर्जाचं स्टेटमेंट आणि अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स घेऊन ये, मी माझं पासबुक आणि ओंकारच्या कर्जाचा कागद आणते. घरी नको बसायला, काकू पोह्यांवर पोहे वाढत राहतील आणि बोलणं राहून जाईल. स्टेशनजवळ कुठेतरी बसू, संध्याकाळी घरी जाऊ.

मृदुला