मोडी कागदपत्रांचं प्रदर्शन : वीस सेकंदांच्या जाहिरातीची संहिता

ध्वनिमुद्रणाला बसताना हे पान समोर असू द्या. चारही आवृत्त्यांमध्ये माहिती हीच जाईल, शब्द थोडे बदलले तरी तिच्यात फरक नको.

काय: घराघरांतून जमवलेल्या मोडी कागदपत्रांचं प्रदर्शन. खरेदीखतं, जमाखर्चाच्या वह्या, घरगुती पत्रं. बोरूनं मोडी लिहून बघायची सोय.
कधी: शनिवार २१ आणि रविवार २२ नोव्हेंबर २०२६, सकाळी १० ते संध्याकाळी ७.
कुठे: नगर वाचनालयाचं सभागृह, पहिला मजला, बस स्थानकासमोर.
तिकीट: ५० रुपये. एकच तिकीट दोन्ही दिवस चालेल. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत. तिकिटं प्रदर्शनाच्या दिवशी दारावर. सोमवार १६ नोव्हेंबरपासून वाचनालयाच्या देवघेव खिडकीवरही. रोख चालेल, यूपीआयही चालेल.

संहितेत आकडे मुद्दाम अक्षरांत लिहिले आहेत. वाचताना डोळा अडखळला की आवाजही अडखळतो, आणि वीस सेकंदांत अडखळायला जागा नाही.

आवृत्ती पहिली : मुख्य जाहिरात
प्रसारण १२ ते २० नोव्हेंबर, सकाळच्या बातम्यांनंतर आणि संध्याकाळी सातच्या गाण्यांआधी.

(आवाज: पत्र्याच्या पेटीची कडी निघते, झाकण करकरतं, कागदाची सळसळ. दीड सेकंद. त्यानंतर पूर्ण शांतता.)

निवेदिका: घरातल्या जुन्या पेटीत एखादा कागद आहे? मराठीच, पण वाचता येत नाही? मोडी असेल!
(अर्धा श्वास)
मोडी कागदपत्रांचं प्रदर्शन. शनिवार एकवीस आणि रविवार बावीस नोव्हेंबर. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. नगर वाचनालयाचं सभागृह, बस स्थानकासमोर.
(अर्धा श्वास)
तिकीट दारावरच, पन्नास रुपये. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत.
(जरा हळू, जवळून)
येताना तो कागद घेऊन या.

ताई, ही आवृत्ती तुमच्या आवाजात धरून लिहिली आहे. पहिली ओळ शेजारणीला विचारावं तशी विचारा, जाहिरातीच्या चढ्या सुरात नको. माहितीला आलात की सूर सपाट आणि वेग एकसारखा ठेवा. तारीख सांगताना ‘एकवीस’ आणि ‘बावीस’ यांच्या आधी वार आहे, तो गिळू नका; लोक तारीख विसरतात, वार लक्षात ठेवतात. ‘मोडी’तला ‘ड’ ठसठशीत हवा. मऊ पडला तर ऐकणारा भलताच शब्द ऐकतो आणि पुढची तारीख त्याच्या कानावरून जाते.

पेटीच्या आवाजाखेरीज दुसरं काहीही नको. पार्श्वसंगीत नाही म्हणजे नाही. गेल्या वर्षी मीच सतारीचा तुकडा मागून लावला होता. वेळ शेवटच्या ओळीत होती, नेमकी त्याच जागी सतार वर आली आणि ‘सात’ तिच्याखाली गेलं. रविवारी रात्री आठच्या सुमारास आम्ही तक्ते उतरवून कुलूप लावत होतो, तेव्हा एक आजोबा जिना चढून आले. हातात धुवट धोतराच्या फडक्यात बांधलेला कागद. चार घड्या, घडीवर झिजून भोकं पडलेली. त्यांनी विचारलं, ‘वाचणारे गेले का?’ वाचणारे गेले होते. म्हणून या वर्षी वेळ तारखेला चिकटून येते, शेवटी एकटी पडत नाही, आणि तिच्याखाली कुठलाही सूर नाही.

वीस सेकंद म्हणजे खरोखर वीस. दोनदा मोजून बघितलं, न धावता साडेएकोणीसमध्ये बसतं. बसलं नाही तर ‘मोडी असेल’ काढा. तारीख, जागा, तिकीट यांतलं काही काढायचं नाही.

आवृत्ती दुसरी : आजी आणि नातू
प्रसारण १४ ते २० नोव्हेंबर, दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला.

नातू: आजी, ऱ्हस्व-दीर्घाचे मार्क पुन्हा गेले!
आजी: मोडी शीक. तिथे वेलांटी एकच!
नातू: खरंच? कुठे शिकवतात?
आजी: नगर वाचनालयात, बस स्थानकासमोर. शनिवार एकवीस, रविवार बावीस नोव्हेंबर. सकाळी दहा ते संध्याकाळी सात.
नातू: आणि तिकीट?
आजी: मला पन्नास रुपये. तू बारा वर्षांच्या आतला, तुला मोफत!
निवेदिका: मोडी कागदपत्रांचं प्रदर्शन. तिकिटं दारावर.

यातली गोष्ट खरी आहे, म्हणूनच ती घेतली. मोडीत लिहिताना ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी सहसा वेगळी काढत नाहीत, उकाराचंही तसंच. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची पद्धत नाही आणि पूर्णविरामही नाही. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला टांगत जायचं, हात शक्य तितका न उचलता. मुलांना हे हातानं करून बघायला मिळणार आहे. सभागृहाच्या डाव्या हाताला चार टेबलं, प्रत्येकावर बोरू, दौत आणि जाड कागद. बोरू दौतीत बुडवला की पहिल्या रेघेला शाई भसकन उतरते आणि मूल दचकून हात उचलतं. दुसऱ्या रेघेला सावरतं. तिसऱ्या रेघेवर स्वतःचं नाव टांगलेलं असतं.

नातवाचं काम करणारा मुलगा दहा-अकरा वर्षांचाच हवा. मोठ्या माणसानं बारीक आवाज काढलेला चालणार नाही, पहिल्या शब्दाला कळतं. ‘मार्क पुन्हा गेले’ यात त्रागा खरा असू द्या. आजीनं ‘तिथे वेलांटी एकच’ हे गुपित सांगितल्यासारखं म्हणावं, पण तारखेला आल्यावर गुपित संपलं, तिथे स्वच्छ, मोकळा आवाज.

एक मोह होता, तोही सांगून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी कुणी सुचवायला नको. जुन्या कागदावर ‘शके १७९०’ दिसलं तर त्यात ७८ मिळवले की इसवी सन १८६८ येतं, फार तर एका वर्षाचा फरक. ऐकायला सुंदर आहे, मी त्यावर एक अख्खी आवृत्ती लिहिलीही होती. पण तिच्यात तीन आकडे आधीच येतात आणि मग एकवीस-बावीस कुणाच्या लक्षात राहणार? ते गणित सभागृहात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल. जाहिरातीत नको.

आवृत्ती तिसरी : रिक्षावरच्या कर्ण्यासाठी
गुरुवार १९ आणि शुक्रवार २० नोव्हेंबर, बाजारपेठ, भाजी मंडई, शाळांच्या वाटा. सकाळी दहाच्या आधी आणि रात्री आठच्या नंतर नाही. दवाखान्यासमोर कर्णा बंद.

ऐका हो ऐका! मोडी कागदपत्रांचं प्रदर्शन! शनिवारी आणि रविवारी! नगर वाचनालयात, बस स्थानकासमोर!
शनिवार एकवीस, रविवार बावीस नोव्हेंबर! सकाळी दहा ते संध्याकाळी सात!
तिकीट पन्नास रुपये, लहान मुलांना मोफत!
घरातले जुने मोडी कागद घेऊन या, वाचून मिळतील!
शनिवार, रविवार! नगर वाचनालय!

रिक्षा पुढे सरकत असते. दारात उभ्या असलेल्या माणसाच्या कानावर यातला जेमतेम तिसरा हिस्सा पडतो, म्हणून वार आणि जागा सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे. इथे पेटीचा आवाज नको, गर्दीत तो नुसता खडखडाट होतो. ‘बारा वर्षांपर्यंत’ऐवजी ‘लहान मुलांना’ म्हटलं आहे. वयाची अट रिक्षाच्या मागच्या फलकावर ठळक लिहिलेली आहे. दोन आवर्तनांमध्ये दहा सेकंद शांत राहायचं. सलग वाजत राहिलेला कर्णा लोक ऐकणं सोडून देतात.

आवृत्ती चौथी : प्रत्यक्ष दोन दिवस

शनिवारी सकाळी सहापासून:

निवेदिका: सुप्रभात! मोडी कागदपत्रांचं प्रदर्शन आज, शनिवार एकवीस नोव्हेंबर, आणि उद्या रविवारी. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. नगर वाचनालयाचं सभागृह, बस स्थानकासमोर. तिकीट दारावर, पन्नास रुपये. तेच तिकीट उद्याही चालेल. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत. जिना चढवत नसेल तर खालीच थांबा. कागद वाचणारे तुमच्याकडे खाली येतील.

रविवारी सकाळपासून दुपारी चारपर्यंत:

निवेदिका: आज शेवटचा दिवस! मोडी कागदपत्रांचं प्रदर्शन, आज, रविवार बावीस नोव्हेंबर, संध्याकाळी सातपर्यंत. नगर वाचनालयाचं सभागृह, बस स्थानकासमोर. तिकीट दारावर, पन्नास रुपये. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत. कागद वाचून घ्यायचा असेल तर सहाच्या आत या. घडी उलगडू नका, आहे तसा आणा, आम्ही उलगडू.

जिन्याची ओळ कुठल्याही कारणानं कापू नका. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांतल्या बऱ्याच जणांचे गुडघे दुखतात. तळमजल्यावर दाराशेजारी टेबल, दोन खुर्च्या आणि एक दिवा ठेवतो आहोत. तिथे बसायला तिकीट लागणार नाही. ही गोष्ट जाहिरातीत सांगायला सेकंद उरत नाहीत, पण फोन करून कुणी विचारलं तर केंद्रावरच्या सगळ्यांनी हेच सांगायचं.

रविवारची शेवटची ओळही तशीच राहू द्या. जुना कागद घडीवर ठिसूळ होतो, घाईनं सरळ केला की नेमक्या घडीवर तुटतो. त्या घडीतली ओळ मग कुणालाच वाचता येत नाही.

दुपारी चारनंतर जाहिरात थांबवा. साडेसहाला ऐकून निघालेला माणूस सातच्या आत पोहोचणार नाही, आणि त्याला बंद दार दिसायला नको. तरीही कुणी आलंच, तर या वर्षी एक वाचणारे रात्री साडेआठपर्यंत खालच्या टेबलावर थांबणार आहेत. तेवढा दिवा चालू ठेवायला मी सांगितलं आहे.