फील्ड ॲप प्रकल्प बंद झाल्याचे निवेदन : मूळ संदेश आणि सुधारित मसुदे

प्रकल्प व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण काल रात्री पाठवलेले तिन्ही संदेश वाचले. ते ग्रुपवर टाकण्याआधी मनुष्यबळ विभागाला दाखवलेत, हे बरे केलेत. संचालक मंडळाचा निर्णय मंगळवारी झाला असून आपण उद्या सकाळी ११ वाजता टीमला तो समक्ष सांगणार आहात. त्यामुळे खालचे लेखी निवेदन बैठक संपताच जावे, बैठकीआधी नव्हे. प्रत्येक मसुद्याच्या वर आपला मूळ मजकूर ठेवला आहे, म्हणजे काय बदलले आणि का बदलले हे ताडून पाहता येईल.

पहिला संदेश टीमसाठी होता.

«मंडळी, एक बॅड न्यूज 😅 आपला फील्ड ॲपचा प्रोजेक्ट सध्या होल्डवर गेलाय. वरच्यांच्या डोक्यात कधी काय येईल सांगता येत नाही, मी लय भांडलो पण कोण ऐकतंय! टेन्शन घेऊ नका, कोणाच्याही नोकरीला धक्का नाही. आपल्याला एवढा उशीर झाला नसता तर गोष्ट वेगळी असती, असो. पेंडिंग कामं शुक्रवारपर्यंत आवरा. पार्टी माझ्याकडे लागली!»

यामागची आपुलकी मला कळते, पण यातली दोन विधाने खरी नाहीत. प्रकल्प थांबवून ठेवलेला नाही, तो बंद झाला आहे. आणि कोणाच्याही नोकरीला धक्का नाही असे म्हणताना कंत्राटावरील दोन्ही परीक्षक नजरेआड झाले आहेत. उशिराचा उल्लेख असाच अर्धवट सोडला, तर अकरा जणांपैकी प्रत्येक जण तो आपल्याच माथी मारून घेईल किंवा शेजाऱ्याच्या. तो गाळावा असा माझा पहिला विचार होता. परंतु हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत निघाला होता हे आज ना उद्या टीमला कळणारच, म्हणून तो मी पूर्ण लिहिला आहे. आपण भांडलात, हे वाक्य मात्र काढले. ते वाचून टीम आणि व्यवस्थापन यांच्यात भिंत उभी राहते आणि त्यातल्या चौघांना पुढच्या महिन्यात त्याच व्यवस्थापनाकडे काम मागायचे आहे. पार्टीचे नंतर पाहता येईल.

सुधारित मसुदा :

विषय : फील्ड ॲप प्रकल्प बंद करण्याचा निर्णय

सहकारी मित्रमैत्रिणींनो,

आज सकाळी बैठकीत सांगितलेली गोष्ट सर्वांकडे सारख्याच शब्दांत राहावी म्हणून येथे लिहून देत आहे. कंपनीने फील्ड ॲपचा प्रकल्प बंद केला आहे. तो पुढे ढकललेला नाही. तो पुन्हा सुरू होईल अशी अपेक्षा मी ठेवलेली नाही आणि तुम्हीही ठेवू नये. संचालक मंडळाने हा निर्णय मंगळवारी घेतला आणि त्याच संध्याकाळी तो मला कळवण्यात आला.

निर्णयामागचे कारण असे आहे. लेखा आणि साठा या विभागांसाठी कंपनी जी तयार प्रणाली घेत आहे, तिच्यात तंत्रज्ञांच्या भेटींची नोंद ठेवण्याची सोय आधीपासून आहे. ती प्रणाली आणि आपले ॲप ही दोन्ही चालवायची म्हटली, तर ग्राहकांची आणि सुट्या भागांची तीच माहिती दोन ठिकाणी सांभाळावी लागेल आणि प्रत्येक बदलानंतर ती जुळवत बसावे लागेल. हा खर्च एकदाचा नसून कायमचा असल्यामुळे मंडळाने एकच प्रणाली ठेवायचे ठरवले.

आपले ॲप ठरल्या वेळी, म्हणजे सात महिन्यांपूर्वी, वापरात आले असते तर निर्णय वेगळा झाला असता का, हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत विचारला गेला. कदाचित झाला असता. मात्र त्या उशिराचा मोठा भाग गरजांचा आराखडा दोन वेळा बदलल्यामुळे आला, ते दोन्ही बदल व्यवस्थापनाच्या पातळीवर मंजूर झाले होते आणि ही वस्तुस्थिती मी मंडळाकडे लेखी नोंदवली आहे. तुमच्यापैकी कोणाच्याही कामाच्या दर्जामुळे प्रकल्प बंद झालेला नाही.

चौदा महिन्यांच्या कामाचे पुढे काय होणार, हेही स्पष्ट सांगतो. आपण लिहिलेला कोड नव्या प्रणालीत वापरला जाणार नाही. तो जतन केला जाईल, वाचता येईल, पण त्यात बदल करता येणार नाही. मात्र नेटवर्क नसतानाही भेटीची नोंद करता यावी आणि फोन पुन्हा जोडला गेल्यावर ती आपोआप वर चढावी, यासाठी आपण जी रचना केली, तशी सोय नव्या प्रणालीत आज नाही. तीन सेवा केंद्रांवरील ४६ तंत्रज्ञांनी प्रायोगिक वापरात सर्वांत जास्त याच सोयीचा उल्लेख केला होता. त्यांच्या मुलाखतींची टिपणे आणि आपली चाचणी प्रकरणे नव्या प्रणालीच्या गटाने मागून घेतली असून ती त्यांच्या मागण्यांच्या यादीला जोडली जातील. ती स्वीकारली जातीलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही.

आजपासून नव्या सुविधांचे काम थांबवावे. पुढचे दोन आठवडे केवळ हस्तांतरासाठी आहेत : अर्धवट राहिलेल्या शाखा जशा आहेत तशा जमा करणे, प्रत्येक भागाबद्दल एक-दोन पानी टिपण लिहिणे आणि सेवा केंद्रांवरील नोंदी सुखरूप परत आणणे. या काळात कोणीही उशिरापर्यंत थांबण्याची गरज नाही.

नेमणुकांबद्दल आज जेवढे नक्की आहे तेवढेच लिहितो. नऊ कायम सहकाऱ्यांपैकी पाच जणांना नव्या प्रणालीच्या गटात घेण्याचे ठरले आहे आणि त्यांना ते व्यक्तिशः सांगितले आहे. चौघांच्या जागा अजून ठरलेल्या नाहीत. २४ तारखेपर्यंत त्या ठरवण्याचा प्रयत्न आहे. त्या दिवशी काही ठरले नसेल, तर तसे मी स्वतः त्या चौघांना सांगेन. कंत्राटावरील दोन्ही सहकाऱ्यांशी मी आज सकाळी स्वतंत्रपणे बोललो आहे. त्यांच्याबद्दलची माहिती सांगावी की नाही, हे त्यांनी ठरवायचे आहे. कृपया कोणी खोदून विचारू नये. वार्षिक मूल्यमापनात या प्रकल्पावरील काम पूर्ण धरले जाईल, प्रकल्प बंद झाल्यामुळे कोणाचे गुण कमी होणार नाहीत.

ही बातमी पचायला वेळ लागेल आणि कोणी नाराज असेल, तर ते स्वाभाविक आहे. मंडळापर्यंत पोहोचवावा असा प्रश्न असेल तर नाव घालून किंवा न घालता माझ्याकडे द्यावा. गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत मी माझ्या जागेवरच असेन.

आपला,
प्रकल्प व्यवस्थापक, फील्ड ॲप

दुसरा संदेश तीन सेवा केंद्रांच्या प्रमुखांसाठी होता.

«नमस्कार सर, फील्ड ॲप बंद होतंय. तुमच्या लोकांना सांगा डिलीट करून टाका. पुढचं नवीन सिस्टिमवाले बघतील. थँक्स फॉर सपोर्ट 🙏»

हा संदेश दिसायला सर्वांत साधा असला तरी सर्वांत जास्त नुकसान तोच करील. ज्या तंत्रज्ञाच्या फोनमध्ये वर न चढलेल्या नोंदी पडून आहेत, त्याने ॲप काढून टाकले की त्या नोंदी गेल्याच. आणि त्यांवर ग्राहकांच्या सह्या आहेत. म्हणून सूचना उलट्या क्रमाने लिहिली आहे.

सुधारित मसुदा :

विषय : फील्ड ॲपचा प्रायोगिक वापर थांबवण्याबाबत

महोदय,

फील्ड ॲपचा प्रकल्प कंपनीने बंद केला आहे. तंत्रज्ञांच्या भेटींची नोंद यापुढे नव्या तयार प्रणालीत होईल. ती आपल्या केंद्रावर सुरू होईपर्यंत पूर्वीची कागदी नोंदवही वापरावी, अशी विनंती आहे.

कृपया तंत्रज्ञांना ॲप लगेच काढून टाकण्यास सांगू नये. प्रत्येकाने प्रथम फोन नेटवर्कला जोडून ॲप उघडावे आणि पहिल्या पडद्यावरील ‘प्रलंबित नोंदी’ हा आकडा शून्य झाल्याची खात्री करावी. शून्य होत नसेल तर ॲप तसेच ठेवून आम्हाला कळवावे. आमच्यापैकी एक जण शुक्रवारपर्यंत फोनवर मदतीसाठी उपलब्ध असेल. सर्व नोंदी जमा झाल्या की आम्ही केंद्रनिहाय यादी आपल्याला पाठवू. ती पडताळून आपण होकार दिल्यानंतरच ॲप काढावे.

आपल्या तंत्रज्ञांनी रोजच्या कामातून वेळ काढून ॲप वापरले आणि त्यातल्या त्रुटी मोकळेपणाने सांगितल्या. त्यांच्या सूचना नव्या प्रणालीच्या गटाकडे दिल्या आहेत, हे त्यांना आमच्या वतीने आवर्जून सांगावे.

आपला विश्वासू,
प्रकल्प व्यवस्थापक, फील्ड ॲप

तिसरा संदेश कंत्राटावरील दोन परीक्षकांसाठी होता.

«अरे, तुमचं काँट्रॅक्ट बहुतेक मंथएंडला संपेल, बघू काय होतंय. तुम्ही भारी काम केलंत, दुसरीकडे लगेच मिळेल!»

खरे तर हा मजकूर पाठवण्याचा नाहीच. दोघांनाही उद्या १० वाजता एकेकट्याने भेटावे आणि बोलणे झाल्यावर पुढील पत्र हातात द्यावे. ‘बहुतेक’ आणि ‘बघू’ काढले आहेत, कारण करारात ३० दिवसांची पूर्वसूचना आहे आणि तिची तारीख आपल्याला आजच ठाऊक आहे. दुसरीकडे काम लगेच मिळेल, हे आपण कशाच्या आधारावर सांगणार?

सुधारित मसुदा :

आपणांस,

फील्ड ॲपचा प्रकल्प बंद झाल्यामुळे आपला करार पुढे वाढवता येणार नाही, हे कळवताना मला वाईट वाटते. करारातील ३० दिवसांची पूर्वसूचना आजपासून धरली जाईल आणि त्या संपूर्ण काळाचे मानधन आपल्याला मिळेल. पहिल्या दोन आठवड्यांनंतर आपल्याकडे हस्तांतराचे काम उरणार नाही. तो वेळ मुलाखतींसाठी वापरावा, त्यासाठी रजा मांडण्याची गरज नाही.

प्रायोगिक वापर सुरू होण्यापूर्वी एकच भेट दोनदा नोंदली जाण्याचा दोष आपल्या चाचण्यांमुळे उघडकीस आला. तो तसाच राहिला असता, तर ग्राहकांना दुबार देयके गेली असती. मी देत असलेल्या शिफारसपत्रात ही गोष्ट नेमकी नमूद केली आहे. नव्या नोकरीच्या ठिकाणाहून कोणी चौकशी केली, तर माझा क्रमांक निःसंकोच द्यावा.

कंपनीत अन्य कोठे जागा निघाली तर मी कळवीन, मात्र आज अशी कोणतीही जागा माझ्या माहितीत नाही.

आपला,
प्रकल्प व्यवस्थापक, फील्ड ॲप

शेवटी दोन बाबी. पूर्वसूचनेच्या काळातील मुलाखतींसाठी रजा न मांडण्याची सवलत मी आमच्या विभागाकडून मंजूर करून घेतली आहे. मूल्यमापनातील गुणांबद्दलच्या वाक्याला मात्र अजून लेखी मान्यता मिळालेली नाही. ती मी उद्या साडेनऊपर्यंत आणते. तोपर्यंत माझा निरोप आला नाही, तर ते वाक्य गाळून निवेदन पाठवावे आणि बैठकीतही त्याचा उच्चार करू नये.